सोमवारी रुजू होणाऱ्या माणसाला शुक्रवारी काय लिहावं?

नव्या माणसाला नोकरीच्या आदल्या दिवशी येणारा मेसेज बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातला असतो. ‘आपल्या परिवारात स्वागत! तुमच्यासारखी उत्साही व्यक्ती टीममध्ये येत आहे याचा आनंद आहे. इथे वातावरण अगदी मोकळं आहे, काहीही लागलं तर केव्हाही विचारा. तुमच्याकडून खूप अपेक्षा आहेत!’ शेवटी हात जोडलेले आणि पुष्पगुच्छाचं चित्र. लिहिणाऱ्या साहेबांचा हेतू चांगलाच असतो. पण वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो शेवटच्या वाक्याने. खूप अपेक्षा म्हणजे नेमक्या किती आणि कोणत्या? कधीपर्यंत? आणि ‘केव्हाही विचारा’ म्हणणारे साहेब सकाळी दहा वाजता कपाळाला आठ्या घालून फोनवर बोलत असतील, तर तेव्हाही विचारायचं का?

म्हणजे मेसेज गोड आहे, पण नव्या माणसाला हवी असलेली एकही गोष्ट त्यात नाही. याच्या उलट टोकाचे मेसेजही असतात. वेळेवर या, मोबाइल वापरू नका, पहिले सहा महिने सुट्टी नाही, प्रोबेशनमध्ये कामगिरी समाधानकारक नसल्यास... वगैरे. तिथे अपेक्षा स्पष्ट असतात, फक्त वाचणाऱ्याला आपण रुजू होतोय की हजर होतोय, असा प्रश्न पडतो.

या दोन टोकांच्या मध्ये काय लिहिता येईल, याचं एक उत्तर साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कारखान्यात मिळालं होतं. व्यवस्थापनाच्या वर्गात ते आजही सांगितलं जातं. आपल्याकडच्या कचेऱ्यांत मात्र त्याचा फारसा वापर झालेला दिसत नाही.

कारखाना होता टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचा, डॅलस शहरातला. काम होतं अतिसूक्ष्म इलेक्ट्रॉनिक सर्किट जोडण्याचं. सूक्ष्मदर्शकात डोळे घालून तासन्‌तास बसायचं आणि केसाहून बारीक तारा जोडायच्या. या विभागात बहुतांश महिला काम करत. नव्या येणाऱ्यांना शिकायला फार वेळ लागे आणि बऱ्याच जणी मध्येच सोडून जात. एर्ल गोमर्सल हे तिथले उत्पादनाचे व्यवस्थापक आणि स्कॉट मायर्स हे कंपनीतले मानसशास्त्रज्ञ. कामगारांशी एकेकट्याने बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अडचण बोटांच्या कौशल्याची नव्हती, धास्तीची होती. जुन्या कामगार नव्यांना मुद्दाम घाबरवत. ‘त्या सुपरवायझरच्या हाताखाली? बघ बाई, टिकतेस का!’ अशा थाटात. कॉलेजच्या हॉस्टेलवर चालते तशीच ही रॅगिंग. घाबरलेली मुलगी शंका विचारत नसे. न विचारल्याने चुका होत, आणि चुका झाल्या की धास्ती आणखी वाढे.

मग त्यांनी दहा नव्या कामगारांचा एक गट वेगळा काढला. नेहमीच्या पद्धतीत पहिल्या दिवशी दोन तास कामाचे तास, पार्किंग, विमा, नियम असं सांगून नव्या कामगारांना थेट सुपरवायझरच्या ताब्यात देत. या दहा जणींना ते दोन तास संपल्यावर उरलेला दिवस एका खोलीत बसवलं. काम काहीच नाही. फक्त चार गोष्टी निवांतपणे सांगितल्या.

पहिली गोष्ट, तुम्ही यशस्वी होण्याची शक्यता फार मोठी आहे. हे नुसतं पाठीवर थाप मारून सांगितलं नाही. आधी आलेल्या कामगारांचा वेग आठवड्यागणिक कसा वाढत गेला, त्याचे आलेख दाखवले आणि त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्या जणी शेवटी काम शिकल्या, हे आकड्यांत मांडलं. दुसरी, जुन्या कामगारांच्या भीतीच्या गोष्टी मनावर घेऊ नका. या गोष्टी कोण सांगतं, का सांगतं, हेही सांगून टाकलं. तिसरी, शंका तुम्ही स्वतः विचारायला हव्यात. सुपरवायझरला प्रश्नांचा राग येत नाही, पण त्याच्यामागे पुष्कळ कामं असतात, तो आपणहून प्रत्येकीकडे येईलच असं नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात मजेशीर. तुमचा सुपरवायझर माणूस म्हणून कसा आहे, ते सांगितलं. तो शिस्तीचा आहे, पण मनमोकळा आहे. त्याला मासेमारीचा आणि हॅम रेडिओचा नाद आहे. कधीकधी तो बुजतो, पण तुम्ही बोलायला गेलात तर त्याला बरं वाटतं. आणि स्वतःच्या कामासाठी जागेवरून उठताना त्याला सांगून जा, म्हणजे तुम्ही कुठे आहात हे त्याला कळेल.

या शेवटच्या वाक्यात खरं तर एक नियम दडलेला आहे. परवानगीशिवाय जागा सोडू नये, असा. पण तो एका विशिष्ट माणसाची विशिष्ट गरज म्हणून, कारणासकट आला. त्यामुळे तो टोचत नाही.

या प्रयोगाचा अहवाल १९६६ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये छापून आला. महिन्याभरानंतर नेहमीच्या पद्धतीने आलेल्या गटाचं काम तासाला २७ नग होतं, तर या दहा जणींच्या गटाचं ९३. प्रशिक्षणाला लागणारे तास ३८१ वरून २२५ वर आले. गैरहजेरी आणि उशीरही कमी झाला. अर्थात दहा जणींचा गट म्हणजे लहानसाच, आणि आपल्याकडे विशेष लक्ष दिलं जातंय या भावनेचाही काही वाटा असणारच. पण आकड्यांमध्ये थोडी काटछाट केली तरी मूळ गोष्ट उरतेच. कामाचं प्रशिक्षण तेच होतं, हात तेच होते. बदललं होतं ते पहिल्या दिवशी काय सांगितलं, एवढंच.

आता डॅलसहून चाकणला येऊ.

समजा, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना आहे. त्याच्या अकाउंट्स विभागात पुरवठादारांची बिलं पाहण्यासाठी बी. कॉम. झालेली एक मुलगी सोमवारपासून येणार आहे. पहिलीच नोकरी. हे टेबल वरून सोपं दिसतं. माल मागवताना काढलेली परचेस ऑर्डर, म्हणजे पीओ. माल गेटमधून आत आल्यावर स्टोअर्सने दिलेली पावती, म्हणजे जीआरएन. आणि पुरवठादाराचं बिल. हे तीन कागद जुळले की एन्ट्री, नाही जुळले की बिल बाजूला. प्रत्यक्षात पीओवर पाचशे नग असतात, आलेले असतात चारशे ऐंशी आणि बिल येतं पाचशेचंच. वर पुरवठादाराचा माणूस दिवसातून तीनदा फोन करून पेमेंटचं विचारत असतो. अशा टेबलावर नवा माणूस घाबरून अंदाजपंचे एन्ट्री करतो आणि त्याचा निस्तार महिनाअखेरीस होतो.

तिच्या विभागप्रमुखाने शुक्रवारी संध्याकाळी पाठवायचा मेसेज असा असू शकतो:

‘नमस्कार. सोमवारपासून तुम्ही आमच्यासोबत काम सुरू करताय, त्याचा आनंद आहे. साडेनऊला मुख्य गेटवर या, सिक्युरिटीकडे तुमचं नाव दिलेलं आहे. आधार आणि पॅनची झेरॉक्स, दोन फोटो आणि बँकेचा एक कॅन्सल केलेला चेक आणा. कॅन्टीन आहे, पहिल्या दिवशी डबा नाही आणला तरी चालेल.

पहिल्या आठवड्यात तुम्ही एकाही बिलाची एन्ट्री करायची नाही. आमच्या सीनियर बाईंच्या शेजारी बसून बिल गेटवर येतं तिथपासून पेमेंट होईपर्यंतचा प्रवास पाहायचा. बुधवारी दिवसभर स्टोअर्समध्ये बसा, म्हणजे जीआरएन कशी निघते ते डोळ्यांनी दिसेल. दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा बिलं. ती सगळी सीनियर तपासतील. पहिले दोन महिने इथे प्रत्येकाची बिलं तपासली जातात, माझीही जात होती. तिसरा महिना संपेपर्यंत रोज तीस बिलं तुम्ही स्वतंत्रपणे करावीत, अशी अपेक्षा आहे.

तीन कागद जुळत नसतील तर बिल बाजूला ठेवा आणि विचारा, अंदाजाने पुढे ढकलू नका. चूक झाल्याचं लक्षात आलं तर त्याच दिवशी सांगा. पेमेंट जाण्याआधी चूक पाच मिनिटांत दुरुस्त होते, गेल्यावर महिना जातो. त्याच दिवशी सांगितलेल्या चुकीवरून इथे कोणी बोलणार नाही. झाकून ठेवलेली चूक मात्र मला चालत नाही.

दर महिन्याचे पहिले चार दिवस क्लोजिंगचे. तेव्हा आठ वाजतात, सोडायला कंपनीची गाडी असते. त्या दिवसांत शक्यतो सुट्टी घेऊ नका. घरी आजारपण असेल तर प्रश्नच नाही. बाकी दिवशी सहाला निघायचं. मी बसलेला दिसलो म्हणून थांबायचं नाही.

माझ्याबद्दल एक: सकाळी साडेदहापर्यंत मी बँकेच्या कामात असतो आणि तुटक बोलतो. ते तुमच्यावर रागावणं नसतं. तुमच्या शंकांसाठी पहिला महिनाभर रोज चार ते सव्वाचार हा वेळ मी ठेवलाय. तातडीचं असेल तर त्याआधीही या.

मुलाखतीत न जुळणाऱ्या बिलाचं उदाहरण दिलं होतं, तेव्हा तुम्ही उत्तर देण्याआधी दोन प्रश्न विचारलेत. याच कारणासाठी तुमची निवड केली. मेसेज मिळाल्याचं कळवा. काही विचारायचं असेल तर उद्या अकरानंतर फोन केलात तरी चालेल.’

मेसेज लांब आहे, हे खरं. पण त्यात शोभेचं वाक्य जवळजवळ नाही, आणि रविवारी रात्री तो माणूस पुन्हा एकदा उघडून वाचेल असा तो आहे. त्याची शिवण जरा उसवून पाहू.

सुरुवात होते गेट, झेरॉक्स आणि डब्यापासून. अनेक मॅनेजरांना हे एचआरचं काम वाटतं. पण पहिल्या दिवसाची निम्मी घालमेल ‘कुठे जायचं, कोणाला भेटायचं, जेवायचं काय’ याचीच असते. ती आधी मिटली की पुढचं डोक्यात शिरतं.

मग येते ती या मेसेजमधली सगळ्यात दयाळू ओळ: पहिल्या आठवड्यात एकही एन्ट्री नाही. काय करायचं हे सगळेच सांगतात, काय करायचं नाही हे फार थोडे. नव्या माणसाला तिसऱ्या दिवसापासून वाटू लागतं की आपण पगार घेतोय आणि नुसते बसून आहोत. मग तो दाखवण्यासाठी काहीतरी हातात घेतो आणि तिथेच पहिली चूक होते. पाहणं हेच या आठवड्याचं काम आहे असं लिहून दिलं की ती अपराधी भावना उरत नाही. शिवाय दहा आणि तीस हे आकडे आहेत. ‘लवकरात लवकर काम हातात घ्या’ या वाक्याचा अर्थ मॅनेजरच्या मनात तीन महिने असतो आणि वाचणाऱ्याच्या मनात पंधरा दिवस. ही तफावत पुढे ‘नवी मुलगी जरा स्लो आहे’ किंवा ‘साहेबांना काही केलं तरी पुरेसं वाटत नाही’ या रूपाने बाहेर येते.

‘प्रत्येकाची बिलं तपासली जातात’ हे वाक्यही उगाच आलेलं नाही. तपासणी म्हणजे अविश्वास, असं नव्या माणसाला सहज वाटतं. अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी सातवीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला, तो इथे लागू पडतो. मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी दुरुस्त्या लिहिल्या आणि सोबत एक चिठ्ठी जोडली. निम्म्या मुलांच्या चिठ्ठीत एवढंच होतं की या सूचना तुमच्या माहितीसाठी आहेत. उरलेल्यांच्या चिठ्ठीत होतं की माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहीत आहे, म्हणून या सूचना देतोय. शिक्षकांवर ज्यांचा विश्वास कमी असण्याचा धोका होता, त्या कृष्णवर्णीय मुलांपैकी पहिल्या चिठ्ठीनंतर १७ टक्के मुलांनी निबंध पुन्हा लिहून दिला, दुसऱ्या चिठ्ठीनंतर ७२ टक्क्यांनी. दुरुस्त्या दोन्हीकडे सारख्याच होत्या. म्हणजे अपेक्षा कमी करून दया दाखवायची नसते. अपेक्षा तशीच ठेवायची आणि ती या माणसाला जमेल असं आपल्याला का वाटतं, ते सांगायचं. आमच्या मेसेजमधली मुलाखतीची ओळ तेच करते, आणि पुराव्यासकट करते. ‘तुम्ही हुशार आहात’ हे कोणीही लिहील. ‘उत्तराआधी दोन प्रश्न विचारलेत’ हे त्या मुलाखतीला हजर असलेलाच लिहू शकतो.

चुकीबद्दलच्या वाक्यात कारण दिलंय, तेही महत्त्वाचं. सूचनेमागचं कारण कळलं की ती हुकूम वाटत नाही, आणि नवा प्रसंग आला तर माणूस त्या कारणावरून स्वतः निर्णय घेऊ शकतो. याच टेबलावरचं आणखी एक उदाहरण देता येईल. ‘लहान पुरवठादारांची बिलं आधी घ्या’ असं नुसतं सांगितलं तर ते साहेबांचं खूळ वाटतं. पण २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, करार काहीही असला तरी, माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागू होतं, हे सांगितलं की ती मुलगी स्वतःच बिलावर तारीख आधी पाहू लागते. हे मात्र पहिल्या मेसेजमध्ये नको. ते दुसऱ्या आठवड्यात, पहिलं बिल हातात असताना सांगायचं. स्वागताच्या मेसेजमध्ये सगळं कोंबायचा मोह आवरावा लागतो.

आणि ‘तुटक बोलतो’ ही कबुली. डॅलसच्या सुपरवायझरचा बुजरेपणा सांगितला होता, त्याचंच हे भावंड. आपल्याकडे वरिष्ठाने स्वतःबद्दल असं लिहायची पद्धत नाही, लिहायला थोडं अवघडही जातं. पण हे लिहिलं नाही तर ती माहिती मिळणारच आहे, फक्त ती चहाच्या टपरीवर, तिखटमीठ लावून मिळेल.

‘केव्हाही विचारा’च्या जागी ‘चार ते सव्वाचार’ आलंय, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. हा बदल दिसायला लहान आहे, पण मोडतो तोच सगळ्यात आधी. दुसऱ्याच आठवड्यात त्या वेळी मीटिंग लागते आणि ठरलेला वेळ विरून जातो. मग मेसेजमधल्या बाकीच्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. ज्याला रोज पंधरा मिनिटं देता येणार नाहीत त्याने आठवड्यातून दोनदा लिहावं, पण पाळता येईल तेच लिहावं. गूगलने यावर वेगळाच उपाय काढला होता. तिथल्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात तो सांगितला आहे. नवा माणूस रुजू होण्याच्या आदल्या रविवारी त्याच्या मॅनेजरला एक छोटी आठवण जाई. भूमिका आणि जबाबदाऱ्यांबद्दल बोला, एक सोबती जोडून द्या, ओळखी करून द्या, पहिले सहा महिने दर महिन्याला भेटा, मोकळं बोलू द्या. एवढंच. ज्यांनी ते केलं त्यांची माणसं सुमारे महिनाभर आधी पूर्ण क्षमतेने काम करू लागली. हा मेसेज नव्या माणसाला नव्हताच, साहेबांना होता, हे विशेष.

काही खाचखळगेही आहेत. मेसेज व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालतो, पण तो वैयक्तिक हवा. टीमच्या ग्रुपवर ‘तुमची बिलं तपासली जातील’ हे लिहिणं म्हणजे स्वागत समारंभात मार्क वाचून दाखवणं. संबोधन कार्यालयात जे चालतं तेच ठेवावं. टीममध्ये सगळे ‘तुम्ही’ असतील तर वयाने लहान म्हणून एकीलाच ‘तू’ लिहू नये. आणि या मेसेजने नेमणूकपत्राशी भांडू नये. पत्रात प्रोबेशन सहा महिन्यांचं असेल, तर ‘तीन महिन्यांत तुम्ही पक्क्या’ असं मायेपोटीसुद्धा लिहायचं नाही. पगारवाढ, कायम होणं, बदली यांतलं काही मॅनेजरच्या एकट्याच्या हातात नसतं.

मेसेज लागू पडला की नाही, हे कळायला फार वाट पाहावी लागत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या मुलीलाच विचारायचं: ‘तिसऱ्या महिन्यापर्यंत तुमच्याकडून काय अपेक्षित आहे, असं तुम्हाला वाटतं?’ उत्तरात तीस बिलं आणि स्वतंत्रपणे, हे दोन्ही आलं तर ठीक. फक्त तीस आलं, तर ती वेगाच्या मागे लागली आहे आणि न जुळणारी बिलंही पुढे सरकण्याची भीती आहे. दुसरी खूण म्हणजे चार वाजताचे प्रश्न. सलग आठवडाभर एकही प्रश्न आला नाही, तर सगळं समजलंय असं समजू नये. या टेबलावर रोजच्या दहा बिलांत एखादं तरी अडकतंच. प्रश्न येत नाही याचा अर्थ ते कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडलंय.

पुढच्या महिन्यात तुमच्याकडे कोणी रुजू होणार असेल, तर मेसेजचा मसुदा आधी गेल्या खेपेला रुजू झालेल्या माणसाला दाखवा. ‘सहाला निघायचं’ हे खरं आहे का, ‘कोणी बोलणार नाही’ हे खरं आहे का, हे तोच सांगू शकतो. त्याने जी वाक्यं खोडली ती पाठवायच्या आधी काढून टाका.